मुलं खूश झाली, पण केसपेपर बदलला का?

प्रश्न: मी फार्माकॉलॉजी विभागात शिकवते आणि एमएचपीई, म्हणजे वैद्यकीय शिक्षणशास्त्रातली मास्टर्स, करते आहे. प्रबंधासाठी इंटर्न्सची प्रिस्क्रिप्शन लेखनाची तीन तासांची केस-बेस्ड कार्यशाळा बसवली आहे. पायलटमध्ये जवळजवळ सगळ्यांनी ‘खूप उपयुक्त’ लिहिलं, आत्मविश्वास वाढला असंही लिहिलं. गाइड म्हणतात, हे सगळं कर्कपॅट्रिकच्या पहिल्या पायरीवरच आहे, वर चढा. पण नेमकं काय मोजू? वर्षाला सुमारे १०० इंटर्न, हातात एक वर्ष आणि फंड शून्य.

उत्तर:

कार्यशाळा होऊन महिना उलटल्यावर, खऱ्या ओपीडीत, खऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर तुमच्या इंटर्नने काय लिहिलं ते मोजा. हाच प्रबंधाचा मुख्य निकाल ठेवा. जोडीला उशिरा घेतलेली एक छोटी परीक्षा आणि आठ-दहा इंटर्न्सशी सविस्तर बोलणं, एवढं पुरे. रुग्ण बरे झाले का, या वाटेला जाऊ नका; कारण पुढे सांगतो. फीडबॅक फॉर्म टाकून देऊ नका, पण त्याला अर्ध्या पानाहून जास्त जागा देऊ नका.

गाइडचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ‘वर चढा’ हा शब्द फसवा आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९च्या सुमारास कंपन्यांतल्या प्रशिक्षणासाठी चार गोष्टी मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन आणि परिणाम. आपण त्या जिन्यासारख्या काढतो आणि मग वाटतं, खालची पायरी भक्कम असली की वरची आपोआप मिळेल. तसं होत नाही. अमेरिकेत १९७० साली एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून मानसोपचार क्षेत्रातल्या मंडळींसमोर उभं केलं होतं. भाषण मुद्दामच पोकळ रचलेलं होतं, परस्परविरोधी विधानांनी भरलेलं. पण बोलणं खुसखुशीत. श्रोत्यांनी फॉर्मवर चांगलेच गुण दिले. उलटा अनुभव २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत आला. ज्यांना वर्गात स्वतः डोकं लावून प्रश्न सोडवायला लावले ती मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत लेक्चर ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. तुमची कार्यशाळा केस-बेस्ड आहे, म्हणजे ती नीट घेतली तर मुलांना थोडा त्रास व्हायलाच हवा. सगळ्यांनीच ‘खूप उपयुक्त’ लिहिलं असेल तर मी आधी केसेस फार सोप्या तर नाहीत ना, ते पाहीन.

आत्मविश्वासाचंही तेच. ‘मला आता प्रिस्क्रिप्शन लिहिता येतं’ याला पाचपैकी गुण घ्यायचे, आधीचे आणि नंतरचे वजा करायचे आणि त्याला दुसरी पायरी म्हणायचं, हे प्रबंधांमध्ये सर्रास चालतं. ते शिकणं नाही, ते मत आहे. २००६ साली ‘जामा’मध्ये आलेल्या आढाव्यात डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मूल्यमापन आणि बाहेरच्याने केलेलं मूल्यमापन यांच्या २० तुलना तपासल्या होत्या, त्यातल्या १३मध्ये दोघांचा मेळ नव्हता, जेमतेम होता किंवा उलटा होता. त्यात आणखी एक गंमत. कार्यशाळेआधी इंटर्न स्वतःला चार गुण देतो, कारण काय येत नाही हेच त्याला ठाऊक नसतं. तीन तासांनी डोळे उघडतात, तरी तो पुन्हा चारच देतो. मधल्या काळात त्याची फूटपट्टीच बदललेली असते. आकड्यात बदल शून्य, शिकणं मात्र झालेलं.

आता केसपेपरकडे. मोजमाप कुठून सुरू करायचं ते एका उदाहरणातून दाखवतो. दीड-दोन वर्षांचं तापाचं मूल, आणि केसपेपरवर एवढंच: ‘सिरप पॅरासिटामॉल ५ मिली टीडीएस’, म्हणजे दिवसातून तीनदा. वरवर ठीक दिसतं. पण हे सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळतं. मूल १० किलोचं असेल आणि किलोला १५ मिलिग्रॅम धरलं तर डोस १५० मिलिग्रॅम, म्हणजे एका बाटलीतून ६ मिली आणि दुसरीतून ३ मिली. केसपेपरवर ना वजन, ना बाटलीची ताकद, ना किती दिवस. हे प्रिस्क्रिप्शन बरोबर की चूक, हे वाचणाऱ्याला ठरवताच येत नाही. तुमच्या कार्यशाळेनं नेमकं हे सुधारायचं आहे, तर निकालाची व्याख्याही यातूनच निघते. केसपेपरवरच्या प्रत्येक औषधासमोर वाचता येईल असं नाव, ताकद, किती वेळा आणि किती दिवस हे चारही असेल, आणि रुग्ण लहान मूल असेल तर वजनही लिहिलेलं असेल, तरच तो केसपेपर ‘पूर्ण’. एक जरी राहिलं तरी ‘अपूर्ण’. अर्धे गुण नकोत. बेरजेच्या गुणांत तारीख आणि सहीसारख्या सोप्या गोष्टी भाव खाऊन जातात, आणि १४चे १६ झाले म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने काय झालं, ते कुणालाच सांगता येत नाही.

या व्याख्येतून मी दोन गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. पहिली जेनेरिक नाव. औषधांची नावं जेनेरिक, वाचता येतील अशी आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, हे तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने, एमसीआयने, २०१६ साली नियमातच घातलं, त्यामुळे ते मोजायचा मोह होतो. पण सरकारी केंद्रात इंटर्न साठ्याच्या यादीतूनच औषध लिहितो, आणि ती यादी जेनेरिकच असते. आधीच जवळजवळ सगळे केसपेपर त्या निकषावर पास असतील, तर सुधारणेला जागाच उरत नाही. ब्रँडची नावं जिथे सर्रास लिहिली जातात त्या खासगी कॉलेजात मात्र हा निकष चांगला चालेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: औषधाची निवड. वॉर्डात आणि मोठ्या ओपीडीत इंटर्न लिहितो, ठरवतो रेसिडेंट. केसपेपरवर अँटिबायोटिक चुकीचं असेल, तर ती इंटर्नची चूक की ‘हे लिही’ म्हणणाऱ्याची, ते कागदावरून कळत नाही. म्हणून खऱ्या केसपेपरवर तेवढंच मोजा जे इंटर्नच्या हातात आहे. निवड बरोबर आहे का, हे परीक्षेत मोजा. अँटिबायोटिकचं प्रमाण किंवा दर रुग्णामागे किती औषधं, हे डब्ल्यूएचओचे निर्देशक एखाद्या केंद्राचा आरसा म्हणून चांगले आहेत, पण ते एका इंटर्नचं शिकणं दाखवत नाहीत.

याच कारणासाठी केसपेपर कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगमधून घ्या. तिथे इंटर्न बराचसा स्वतः रुग्ण पाहतो. शिवाय एमसीआयच्या जागी आलेल्या एनएमसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे ते पोस्टिंग १२ आठवड्यांचं आहे, म्हणजे कोणत्याही वेळी बॅचचा साधारण चौथा हिस्सा तिथे असतो. तुमच्या कॉलेजला आरएचटीसी आणि यूएचटीसी, म्हणजे ग्रामीण आणि शहरी आरोग्य प्रशिक्षण केंद्र, दोन्ही असतील, तर न मागता मिळालेली तुलना आहे. समजा २४ जण आले, १२ ग्रामीण केंद्रावर आणि १२ शहरी केंद्रावर. पहिले तीन आठवडे कुणालाच काही शिकवायचं नाही, फक्त केसपेपर गोळा करायचे. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला एका केंद्राच्या इंटर्न्सना कार्यशाळा. आठव्या-नवव्या आठवड्यात दोन्हीकडचे केसपेपर पुन्हा गोळा करायचे. दहाव्या आठवड्यात दुसऱ्या केंद्राच्या मुलांनाही तीच कार्यशाळा. कोणतं केंद्र आधी, ते पहिल्या बॅचला चिठ्ठी टाकून ठरवा आणि पुढच्या बॅचला उलटवा. वर्षभरात चार बॅचमध्ये सुमारे ४८ जण ‘आधी शिकलेले’ आणि ४८ जण ‘अजून न शिकलेले’ मिळतात. शेवटी कार्यशाळा सगळ्यांना मिळते, त्यामुळे आयईसीला, म्हणजे संस्थेच्या नैतिकता समितीलाही, ‘अर्ध्यांना का वंचित ठेवलं’ हा प्रश्न पडत नाही.

एकाच केंद्रावर अर्ध्यांना शिकवून अर्ध्यांना वगळू नका. तुमच्या स्लाइड्स संध्याकाळपर्यंत हॉस्टेलच्या ग्रुपवर असतात. दोन केंद्रं केली तरी गळती पूर्ण थांबत नाही, पण शेजारच्या खुर्चीवर बसून नक्कल करणं तरी थांबतं. दुसऱ्या गटाला परीक्षेच्या वेळी सरळ विचारा: कार्यशाळेतलं साहित्य पाहिलंत का? किती जणांनी पाहिलं, तो आकडा प्रबंधात द्या. गळतीमुळे फरक आहे त्यापेक्षा कमी दिसतो, जास्त नाही, त्यामुळे ती लपवण्यात तुमचाच तोटा.

तुलनेचा गट का लागतो, ते काल्पनिक आकड्यांनी सांगतो. प्रत्येक इंटर्नचे सुरुवातीचे पाच आणि नंतरचे पाच केसपेपर तपासले. आधी शिकलेल्या गटात पाचपैकी पूर्ण केसपेपर सरासरी १.६ होते, ते ३.४ झाले. नुसतं आधी-नंतर पाहिलं तर १.८ची वाढ, पी व्हॅल्यू झकास, प्रबंध तयार. पण न शिकलेल्या गटातही १.७चे २.३ झाले, म्हणजे ०.६ वाढले. ती वाढ कशाची? ओपीडीत बसून हात बसला, औषधखिडकीवरून दोन केसपेपर परत आले, सिस्टर ओरडल्या. कार्यशाळेचा वाटा १.८ नाही, १.२ आहे. एकाच गटाच्या आधी-नंतरच्या अभ्यासात हा ०.६ तुम्ही नकळत स्वतःच्या खात्यावर टाकला असता.

आता केसपेपर मिळवायचा कसा. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी इथेच तोंडावर पडलो. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात, ‘रेकॉर्डमधून प्रिस्क्रिप्शन तपासू’ असं ऐटीत लिहिलं, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की ओपीडीचा केसपेपर रुग्ण घरी घेऊन जातो. रेकॉर्डमध्ये असतं ते फक्त रजिस्टर, त्यात निदान आणि औषधांची आद्याक्षरं. मग आम्ही पुठ्ठ्याची एक चौकट कापली. ती केसपेपरवर ठेवली की नाव, पत्ता, नंबर आणि तारीख झाकली जायची आणि औषधं, वय आणि वजन तेवढं खिडकीतून दिसायचं. औषधखिडकीवर, औषध दिल्यानंतर, रुग्णाला विचारून फोटो. चौकटीच्या कोपऱ्यात इंटर्नचा सांकेतिक क्रमांक चिमट्याने लावलेला. एका फोटोला अर्धा मिनिटही लागत नाही. तारीख झाकण्यामागे दुहेरी हेतू आहे: रुग्णाची गोपनीयता, आणि तपासणाऱ्याला हा केसपेपर कार्यशाळेआधीचा की नंतरचा हे कळू नये. फोटो कोणी काढायचे ते मात्र नीट ठरवा. फार्मासिस्टवर हे काम लादलंत तर गर्दीच्या दिवशी फोटो येणार नाहीत, आणि नेमके गर्दीचेच केसपेपर सर्वांत अपूर्ण असतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासात त्या इंटर्नचे पहिले पाच केसपेपर, असा नियम ठेवा, म्हणजे निवडीला वाव राहत नाही.

फोटो काढले जातात हे इंटर्न्सना कळणारच, आणि कळायलाही हवं, कारण त्यांची संमती लागते. त्यामुळे दोन्ही गट थोडे सावध लिहितील. दोन्हीकडे सारखेच सावध असतील, म्हणून तुलना टिकते. त्यांना फक्त निकषांची यादी दाखवू नका. संमती तुम्ही स्वतः घेऊ नका. लॉगबुकवर सही करणाऱ्याला ‘नाही’ म्हणणारा इंटर्न मी अजून पाहिलेला नाही. दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला सांगा, आणि हे गुण इंटर्नशिपच्या कम्प्लिशनशी जोडले जाणार नाहीत हे लेखी द्या.

तपासणीला दोघे हवेत, आणि शक्यतो बाहेरचे, कारण आपल्याच मुलांचं अक्षर आपण ओळखतो. आधी ३० केसपेपर दोघांनी वेगवेगळे तपासायचे, मग समोरासमोर बसायचं. भांडण बहुतेक ‘वाचता येतं का’ यावर होतं. आमच्याकडे एकाला जे वाचता येई ते दुसऱ्याला येत नसे, आणि दोघांचं किती जुळतं ते सांगणारा ‘कापा’ हा आकडा इतका खाली आला की तो निकष सोडून द्यायची वेळ आली. शेवटी नियम बदलला: दोघांनीही औषधाचं नाव स्वतंत्रपणे उतरवून काढायचं, दोघांचं एकच आलं तर वाचनीय, नाहीतर नाही. वाद संपला. कापा काढताना एक लक्षात असू द्या. एखादी गोष्ट जवळजवळ प्रत्येक केसपेपरवर असेल, तर दोघांचं ९५ टक्के जुळूनही कापा केविलवाणा येतो. घाबरू नका, कापा आणि जुळण्याची टक्केवारी दोन्ही द्या.

संख्याशास्त्राबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण व्हायव्हाला प्रबंध बहुतेक इथेच अडकतो. दोन्ही गटांचे नंतरचे केसपेपर धरले तर तुमच्याकडे ४८० कागद होतील, आणि ‘एन बरोबर ४८०’ लिहायचा मोह होईल. पण एका इंटर्नचे पाचही केसपेपर एकाच हातचे, एकाच सवयीचे. ते पाच स्वतंत्र पुरावे नाहीत. त्यांच्यातलं साम्य ०.३ असेल तर पाचच्या गठ्ठ्यामुळे फुगवटा १ अधिक चार गुणिले ०.३, म्हणजे २.२ पट. एका गटाच्या २४० कागदांचं वजन मग सुमारे १०९ कागदांएवढंच. सगळ्यात सोपा आणि प्रामाणिक मार्ग म्हणजे प्रत्येक इंटर्नचा एकच आकडा काढायचा, पाचपैकी किती पूर्ण, आणि ४८ विरुद्ध ४८ अशी तुलना करायची, सुरुवातीचा आकडा, बॅच आणि केंद्र हिशेबात धरून. एवढ्या संख्येत काय पकडता येईल? सुरुवातीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा संबंध ०.५च्या आसपास असेल, तर ८० टक्के पॉवरने, म्हणजे खरा फरक पाचपैकी चार वेळा पकडला जाईल अशा बेताने, साधारण अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा फरक. आकड्यांचा पसारा १.५ केसपेपरचा असेल, तर पाऊण केसपेपरचा फरक दिसेल, त्याहून लहान फरक निसटेल. सिनॉप्सिसमध्ये हे आधीच लिहा. फरक सापडला नाही तर ‘परिणाम नाही’ असं नव्हे, ‘पाऊण केसपेपरहून मोठा परिणाम बहुधा नाही’ असं म्हणता येईल.

परीक्षेकडे वळू. कार्यशाळा संपताच हॉलच्या दारात घेतलेली पोस्ट-टेस्ट जवळजवळ नेहमीच यशस्वी होते, आणि जवळजवळ काहीच सांगत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६चा प्रयोग आठवा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून तो स्वतः आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटं झालं, ४२ विरुद्ध ५६. म्हणजे कधी मोजलं यावर जिंकलं कोण हे ठरलं. तुमची परीक्षा आठव्या-नवव्या आठवड्यात ठेवा, केसपेपर गोळा करण्याच्या काळातच.

प्रश्न कसे काढायचे याचा नमुना आपल्याच विषयात आहे. डब्ल्यूएचओच्या पद्धतीने औषध निवडायला शिकवण्याचा सात वैद्यकीय शाळांमध्ये झालेला रँडमाइज्ड अभ्यास १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात नवी दिल्लीही होती. त्यांनी शिकवलेल्या केसेसबरोबर न शिकवलेल्या केसेसही विचारल्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारल्या. तुम्ही सहा केसेस घ्या, त्यातल्या दोनच कार्यशाळेतल्या. शिकवलेल्या दोन सुटल्या आणि नव्या चार नाही सुटल्या, तर मुलांनी उत्तरं पाठ केली, पद्धत शिकली नाहीत. सुरुवातीच्या परीक्षेला तोच पेपर वापरू नका. दोन समान कठीण संच करा. अर्ध्यांना आधी एक, अर्ध्यांना आधी दुसरा. घातक चूक, उदाहरणार्थ गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन, झाली तर त्या केसला शून्य, बाकी कितीही नेटकं लिहिलेलं असो.

आता चौथी पायरी का सोडायची ते सांगतो. ती कुठे शोभते याचं उत्तम उदाहरण २००९ साली शिकागोच्या एका टीचिंग हॉस्पिटलमधून आलं. रेसिडेंट्सना सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, घालणं सिम्युलेटरवर पक्कं होईपर्यंत शिकवलं, आणि आयसीयूतला लाइनमुळे होणारा रक्तातला संसर्ग दर १००० कॅथेटर-दिवसांमागे ३.२० वरून ०.५० वर आला. तिथे शिकवलेलं कौशल्य आणि रुग्णाचं नुकसान यांच्यात सरळ रेष होती, मोजणी आधीपासून चालू होती, आणि तुलनेला दुसरा आयसीयू होता. तुमच्या ओपीडीत यातलं काही नाही. सर्दी-ताप बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, रुग्ण पुन्हा येतोच असं नाही, आणि त्याने औषध घेतलं का हेही ठाऊक नाही. तिथे ‘रुग्णांना फायदा’ शोधायला गेलात तर एक्स्टर्नल दोन प्रश्नांत तुम्हाला खाली उतरवतील.

त्याऐवजी तो वेळ मुलाखतींना द्या. माझ्या प्रकल्पात परीक्षेचे गुण छान वाढले आणि केसपेपर ढिम्म राहिले, विशेषतः ‘किती दिवस’ हा रकाना. मी कार्यशाळेला दोष देऊन मोकळा होणार होतो. मग काही इंटर्न्सना त्यांचेच केसपेपर समोर ठेवून विचारलं, “इथे दिवस लिहिले नाहीत, त्या वेळी काय चाललं होतं?” एकीने सहज सांगितलं, “सर, लिहून काय उपयोग? खिडकीवर सगळ्यांना तीनच दिवसांचं देतात.” मुलीला येत होतं. त्या केंद्रात ते लिहिण्याला अर्थच उरला नव्हता. ‘कार्यशाळेचा तुमच्या सरावावर काय परिणाम झाला?’ असा प्रश्न विचारला असता, तर “चांगला झाला, सर” एवढंच ऐकायला मिळालं असतं. म्हणून मुलाखतीला स्वतःचा केसपेपर समोर हवाच. ज्यांचे केसपेपर सुधारले असे चार-पाच आणि ज्यांचे नाही सुधारले असे चार-पाच निवडा, आणि मुलाखत तुम्ही नव्हे, ज्यांना मुलं घाबरत नाहीत अशा कुणाला तरी घ्यायला सांगा. परीक्षा वाढली आणि केसपेपर नाही, तर कारण बहुधा ओपीडीत सापडेल; दोन्ही नाही वाढले, तर कार्यशाळेत. परीक्षा न वाढता केसपेपरच सुधारले, तर आधी फोटो कोणी आणि कसे निवडले ते तपासा.

फीडबॅक फॉर्मवर मी तीनच प्रश्न ठेवीन. तुम्ही स्वतः किती केसेसचं प्रिस्क्रिप्शन लिहिलंत? कोणती केस अडली? उद्या ओपीडीत काय वेगळं कराल, एका ओळीत? पहिल्या उत्तरावरून कार्यशाळा ठरल्याप्रमाणे झाली की शेवटी तुम्हीच बोलत राहिलात हे कळतं, आणि तिसरं उत्तर महिन्याने केसपेपरशी ताडून पाहता येतं.

आयईसीकडे जाण्याआधी एक काम करा. एका सकाळी दोन्ही केंद्रांच्या औषधखिडकीशी उभं राहून ३०-३० केसपेपर नुसते नजरेखालून घाला आणि किती ‘पूर्ण’ आहेत ते मोजा. तिसात २५ आधीच पूर्ण असतील तर व्याख्या बदलावी लागेल, कदाचित विषयही. खिडकीवर दिवस ठरलेले असतील तर ‘किती दिवस’ हा निकष मुख्य निकालातून काढून वेगळा द्या. आणि दोन केंद्रांत फरकच फार असेल, समजा एकीकडे ५ आणि दुसरीकडे २०, तर बॅचगणिक केंद्र उलटवायचं विसरू नका, कारण त्यानंतर तुमची सगळी तुलना त्यावरच उभी आहे.